सहलीच्या वेळापत्रकात इमोजी: जागेचं चित्र लावावं की कामाचं?

पुळेवारी
डिसेंबरात आम्ही अकरा जण गुहागरहून गणपतीपुळ्याला जाणार आहोत. वाटेत हेदवी, मग तवसाळची जंगलजेट्टी, जयगड, मालगुंड. बरोबर आई-बाबा, सासूबाई आणि चार मुलं. त्या दिवसाचं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचंय, सगळ्यांना एका नजरेत कळेल असं. मी देवळाला 🛕, किनाऱ्याला 🏖️, किल्ल्याला 🏰 लावलंय. भाऊ म्हणतो, हा पोरखेळ आहे, सरळ शब्दांत लिही. तुम्हाला काय वाटतं?

सडा_आणि_समुद्र
इमोजी जरूर लावा, पण जागेचं नको, तिथे आपण काय करणार त्याचं लावा. कोकणात फिरताना जागा तीनच प्रकारच्या असतात: देऊळ, किनारा, किल्ला. तुमच्या एका दिवसात 🛕 आणि 🏖️ पुन्हा पुन्हा येणार. सगळ्या ओळी सारख्या दिसायला लागल्या की चित्राचा उपयोग संपला, कारण नजर थांबते ती वेगळेपणावर.

शिवाय 🏖️ धोक्याचं आहे. त्यात छत्री आणि वाळू आहे. मुलं त्याचा अर्थ 'पाण्यात खेळायचं' असाच घेतात. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला शांत वाटतो, पण तिथे पाणी एकदम खोल होतं आणि ओढही असते. लोक बुडालेत तिथे. तेव्हा गुहागरला पोहायचं असेल तर 🏊 आणि पुळ्याला फक्त वाळूत चालायचं असेल तर 👣. जागा दोन्हीकडे किनाराच, पण मुलाला काय करायचं आणि काय नाही ते वेगळं कळतं. बॅगेत कपड्यांचा जादा जोड कधी लागणार, तेही आईला 🏊 बघून कळतं.

साधं_लिहा
माझं मत तुमच्या भावासारखं आहे. 'गणपतीपुळे किनारा, पाण्यात उतरायचं नाही' असं लिहिलं की विषय संपला. 👣 म्हणजे पाण्यात उतरू नका, हे कोणाला आणि कसं कळणार? मराठीत पाच शब्दांत जे स्पष्ट होतं त्याला कोडं घालू नये. आमच्या घरी एकाने असं वेळापत्रक पाठवलं होतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन-चार चित्रं. बाबांनी वाचायचंच सोडून दिलं आणि दर वेळी फोन करून विचारत राहिले.

सडा_आणि_समुद्र
शब्द काढायचे असं मी म्हटलंच नाही. एका ओळीला एकच चित्र, आणि शब्द तर हवेतच. बाबांना जड गेलं ते ओळीच्या शेवटच्या गर्दीमुळे. तिथे चित्र सजावट होतं, सुरुवातीला असेल तर खूण होतं. पुळेवारी ताई, तुमचाच दिवस मांडून दाखवतो. समजा तो दिवस एकादशीचा आहे:

०७:१५ 🚗 गुहागर सोडायचं
०८:१५ 🌊 हेदवी, बामणघळ. लांबून बघायचं
०९:०० 🙏 दशभुजा गणपती
१०:३० ⛴️ तवसाळ ते जयगड, गाडीसकट
११:१५ 🚶 जयगड किल्ला
०१:०० 🍽️ मालगुंड, जेवण
०३:०० 🛏️ गणपतीपुळे, मुक्कामी
०५:०० 🙏 दर्शन
०६:०० 👣 किनारा. पाण्यात उतरायचं नाही

आता यात 🌊 एकदाच आलंय, आणि ते मुद्दाम. बामणघळ म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या खडकातली अरुंद चीर. भरतीला लाट आत घुसते आणि फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. म्हणजे ही ओळ घड्याळाने नाही, समुद्राने ठरवलेली आहे. आपल्याकडचा जुना ढोबळ हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणायचं. एकादशी, अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. सव्वाआठच्या आसपास भरती. सहल दोन दिवस पुढे गेली तर भरती जवळपास दीड तास पुढे सरकते, आणि जुनं वेळापत्रक तसंच वापरलं तर बामणघळ कोरडी मिळते. जाण्याआधी भरतीच्या तक्त्यावर खात्री करा, हिशेब अंदाजापुरता.

म्हणून 🌊 आणि ⛴️ दिसलं की घरच्यांनी समजायचं, ही वेळ हलणार नाही. बाकी ओळी अर्धा तास मागेपुढे झाल्या तरी चालतील. जंगलजेट्टीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी फोन करून घ्या.

मालवणी_मसाला
दादांचं पटलं, पण 🙏 कशाला? देवळासाठी 🛕 आहे ना आता. इमोजी सगळ्या फोनवर सारखेच दिसतात, तेव्हा नेमकं चित्रच वापरावं.

सडा_आणि_समुद्र
सारखे दिसत नाहीत, तिथेच फसायला होतं. 🛕 हे चित्र २०१९ मध्ये आलं. बाबांचा फोन त्याआधीचा असेल आणि अपडेट झालेला नसेल तर तिथे रिकामा चौकोन येतो. व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइडवर स्वतःची चित्रं वापरतं, त्यामुळे अ‍ॅप ताजं असेल तर आत ते नीट दिसेल. पण तोच मजकूर कॉपी करून नोट्समध्ये ठेवला किंवा एसएमएसने पाठवला की पुन्हा चौकोन. 🙏 त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे, ते जुन्या फोनवरही उमटतं. डायव्हिंगचं 🤿 पण २०१९चंच, तारकर्लीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तपासणं सोपं आहे: घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर आधी एकदा पाठवून बघा.

मालवणी_मसाला
मग स्क्रीनशॉट काढून फोटोच पाठवायचा. चौकोनाची भानगडच नाही.

साधं_लिहा
फोटो पाठवला आणि जेटी चुकली, की पुढच्या सगळ्या वेळा कशा बदलणार? मजकूर असेल तर कॉपी करून दोन आकडे बदलून परत टाकता येतो. आणि सड्यावर रेंज एक दांडी असताना फोटो गोल गोल फिरत बसतो.

गुहागरकर_खानावळ
आमची गुहागरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पाहुणे आम्हालाही असं वेळापत्रक पाठवतात, ते बरं पडतं. पण 🍽️ बघून मला काही करता येत नाही हो. मला किती ताटं आणि त्यात मासे किती, शाकाहारी किती, हे हवं असतं. मासे आम्ही सकाळी बघून घेतो, तेव्हा आदल्या रात्री कळलं पाहिजे. पुढे 'ताटं ११, मासे ६' एवढं लिहिलं तरी माझं काम झालं. आणि दादांनी एकादशी धरलीय, तर आजींचा उपास असेल. ती ओळ राहिली की! सव्वासातला निघणार तर साबुदाण्याची खिचडी सहाला तयार हवी, म्हणजे आदल्या रात्री भिजवणं आलं.

पुळेवारी
काका, सासूबाई खरंच एकादशी करतात. तारीख अजून पक्की नाही, पण आता पंचांग बघूनच ठरवते.

रेवस_ते_रेडी
गूगल मॅप्समध्ये आपल्या सेव्ह केलेल्या जागांच्या यादीला इमोजी देता येतो. मी देवळांची एक यादी, किनाऱ्यांची दुसरी, खाण्याची तिसरी अशी केलीय, नकाशावर सगळं छान दिसतं. तुम्ही तसंच करा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायची गरजच काय?

सडा_आणि_समुद्र
तो प्रश्न वेगळा. नकाशावर जागेचंच चित्र योग्य, कारण तिथे आपण 'जवळ काय आहे' शोधतो. वेळापत्रकात 'आता पुढे काय' शोधतो. गाडी चालवणाऱ्याला तुमची यादी द्या, मागच्या सीटवरच्यांना नाही.

आईचा_फोन
माझ्या आईला फार कमी दिसतं. तिचा फोन मजकूर वाचून दाखवतो, आणि प्रत्येक इमोजीचं नावही मोठ्याने घेतो. ओळीत तीन चित्रं असली की गावाचं नाव येईपर्यंत ती कंटाळते. एक असेल तर चालतं, पण वेळ आधी, मग चित्र, मग शब्द असा क्रम ठेवा. ती म्हणते, वेळ ऐकली की पुढचं ऐकायचं की नाही ते ठरवता येतं. आणि नुसतं '⛴️ १०:३०' असं शब्दांशिवाय कधीच लिहू नका. तिला 'फेरी' ऐकू येतं, तवसाळ की धोपावे ते कळत नाही.

साधं_लिहा
हा मुद्दा खरा आहे. तरी माझा आग्रह कायम: बाबांसाठी कागदावर छापाल तेव्हा इमोजी काढून टाका. काळ्या-पांढऱ्या छपाईत 🌊 आणि 🙏 दोन्ही करडे ठिपके होतात. कागदावर 'भरती' हा शब्द ठळक करा, झालं.

सडा_आणि_समुद्र
कागदाबद्दल मान्य. क्रमाबद्दल मात्र मी डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी चित्र आधी ठेवायच्या बाजूचा होतो. वेळ आधी लिहिली आणि ७:१५, १०:३० असे आकडे कमी-जास्त झाले की चित्रं एका रेषेत येत नाहीत, नजर ओळीओळीला घसरते. म्हणून वर मी ०७:१५ लिहिलंय. शून्य लावलं की वेळ आधी ठेवूनही रेषा बरीचशी जुळते, आणि आईंचंही काम होतं.

मालवणी_मसाला
पण किल्ल्याला 🚶? मुलं वर्षभर किल्ला किल्ला करत असतात. त्यांना 🏰 दिसलंच पाहिजे. चालण्याचं चित्र बघून कोण खूश होणार?

सडा_आणि_समुद्र
🏰 हा युरोपातला टोकदार मनोऱ्यांचा किल्ला आहे, जयगडचे बुरूज तसे नाहीत. आणि 🚶 मुलांसाठी नाही, आजींसाठी आहे. उन्हात तटावर चालायचंय, त्या गाडीत थांबणार की येणार, ते आधी ठरतं.

मालवणी_मसाला
आजींसाठी शब्दांत 'ऊन, चालणं' लिहा. चित्र मुलांचं राहू द्या. मी तरी 🏰च लावणार.

पुळेवारी
घरी मुलांना दोन्ही दाखवून विचारलं, 'पाण्यात कधी जायचं?' जागांची चित्रं असलेल्या वेळापत्रकात धाकटीने थेट पुळ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यात तिने वरून खाली शोधलं आणि म्हणाली, 'आज नाहीच.' तेव्हा किनाऱ्याचं ठरलं, 🏖️ गेलं. किल्ल्यावर मात्र भाऊ आणि मुलं एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला, अजून वाद चालूच आहे. गुहागरकर काका, तारीख ठरली की ताटं कळवते.