मदत हवी आहे: चाळिशीत बचत सुरू केली तर ६० ला थांबता येईल का?

दर्याकाठ: वय ४०. रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पीएफ नाही, बचत शून्य. घरखर्च महिना ३० हजार. ६० ला थांबायचं तर दरमहा किती बाजूला काढावेत? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कमाई जवळपास नसते.

शांत_खाडी: पीपीएफ उघडा. दरवर्षी पूर्ण दीड लाख, तेही ५ एप्रिलच्या आत. व्याजावर कर नाही. विषय संपला.

हिशेबनीस: पीपीएफ जरूर काढा, पण दीड लाखाच्या वर त्यात भरता येत नाही. ७.१ टक्के दर टिकला तर २० वर्षांत साधारण ६६ लाख होतील. महागाई ६ टक्के धरली तर तुमचे ३० हजार तोवर ९६ हजार झालेले असतील. म्हणजे ६६ लाख जेमतेम सहा वर्षं पुरतील.

८५ पर्यंत पुरवायचं तर ६० ला अडीच कोटींच्या आसपास हवेत. इक्विटी फंडात परतावा १० टक्के धरू (हमी कुणीच देत नाही) आणि हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवू. मग सुरुवात दरमहा १६ हजारांनी करावी लागेल. ६५ ला थांबलात तर हीच सुरुवात ८,७०० वर येते.

कलमवाला: माका एक सांगा, हापूसची कलमां असली तर ह्या सगळ्या कित्याक?

हिशेबनीस: बागेचं उत्पन्न धरा, पण थ्रिप्स आणि अवकाळीने झोडपलेल्या वर्षाचं. धागाकर्त्यांकडे बाग असल्याचं दिसत नाही.

दर्याकाठ: ६५ पर्यंत इंजिनरूममध्ये वाकून काम होणार नाही हो. कंबर आत्ताच बोलते.

हिशेबनीस: मग ६० ला हप्ता थांबवा, पण जमलेल्या पैशाला ६५ पर्यंत हात लावू नका. तोवर सुटे भाग विकून किंवा पोरांकडून कामं करून घेऊन घरखर्च निघाला पाहिजे, आणि तो तेव्हाचे ९६ हजार असेल हे विसरू नका. या वाटेने सुरुवात १०,८०० ने होते. ६० ला १ कोटी ७२ लाख जमलेले दिसले तर गाडी रुळावर आहे.

बंदीच्या दोन महिन्यांसाठी: थेट एसआयपी लावलीत तर जून-जुलैत हप्ते परत जातील, बँक दंड लावेल आणि सलग तीन चुकले तर एसआयपीच बंद पडेल. त्यापेक्षा ऑगस्ट ते मे दरमहा १३ हजार लिक्विड फंडात टाका. तिथून त्याच फंड कंपनीच्या इक्विटी फंडात बारा महिने १०,८०० ची एसटीपी लावा, म्हणजे दरमहा तेवढे पैसे आपोआप तिकडे वळतील.

शांत_खाडी: पण दरवर्षी १० टक्के वाढ म्हणजे शेवटच्या वर्षी हप्ता ६६ हजार! धंदा तेवढा वाढेलच कशावरून?

हिशेबनीस: शंका रास्त आहे. वाढ ६ टक्केच ठेवायची तर सुरुवात १४,९०० ने करावी लागेल.

दर्याकाठ: १४,९०० आज शक्य नाहीत. १०,८०० ने सुरू करतो. वाढीचं दर ऑगस्टला गिऱ्हाईक बघून ठरवेन.