मदत हवी आहे: सिम्प्लेक्स थांबतं, पण का?

परीक्षार्थी: घाई आहे. मामाच्या भाजीच्या टेम्पोचं गणित सिम्प्लेक्सने, म्हणजे मर्यादा पाळून जास्तीत जास्त नफा पायरीपायरीने शोधायच्या रीतीने केलं, दोन पायऱ्यांत थांबलं. मामा विचारतोय, "याहून जास्त निघणारच नाही कशावरून?" मी म्हटलं, नफ्याच्या ओळीत धन आकडा उरला नाही. त्याला पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

फिरस्ता: आधी कुठे, मग कुठे हे ठरवा. जवळचा थांबा पहिला घेतला की डिझेल वाचतं, मी तेच करतो.

निळी_वही: रस्त्याचं नंतर. आकडे कुठे आहेत?

परीक्षार्थी: राहिलेच. टेम्पोत ४० क्रेट मावतात. टोमॅटोचा क्रेट उतरवायला २ मिनिटं, पालेभाजीचा १. एकूण ६० मिनिटं. नफा टोमॅटोवर ३, पालेभाजीवर २. आधी ३० टोमॅटो, नफा ९०. मग २० आणि २०, नफा १००. तिथेच थांबलं.

कोपरेवाला: मर्यादांच्या रेषा जिथे मिळतात ते कोपरे मोजकेच असतात, सिम्प्लेक्स एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जातं, नफा दर पायरीला वाढतो, म्हणून कधीतरी थांबणारच. सोपं आहे.

निळी_वही: थांबतं हे कळलं, पण थांबलं तिथे सगळ्यांत जास्त नफा आहे हे कुठे कळलं? शिवाय 'दर पायरीला वाढतो' हेही नेहमी खरं नाही. कधीकधी पायरी पडते, पण नफा तेवढाच राहतो. मग तेच तेच टॅब्लो, म्हणजे प्रत्येक पायरीचे आकड्यांचे तक्ते, फिरून येऊ शकतात. ते फिरणं टाळायला ब्लँडचा नियम आहे, १९७७ चा.

कोपरेवाला: इतक्या वर्षांत मला एकदाही फिरताना दिसलं नाही.

निळी_वही: परीक्षार्थी, ३० टोमॅटो असताना १० क्रेटची जागा रिकामी होती ना? एक टोमॅटो काढून बघ.

परीक्षार्थी: २ मिनिटं सुटतात, पालेभाजीचे २ क्रेट बसतात. ३ गेले, ४ आले! म्हणून पुढची पायरी होती. आता २०-२० वर मामाने एक क्रेटची जागा मुद्दाम रिकामी ठेवायला लावली: २१ टोमॅटो, १८ पालेभाजी, ९९. मग एक मिनिट मोकळं ठेवलं: १९ आणि २१, पुन्हा ९९. टॅब्लोची शेवटची ओळ वाचली तर तेच लिहिलं होतं:

नफा = १०० − रिकामी जागा − उरलेला वेळ

टेम्पो कसाही भरा, हे खरंच राहतं. जागा आणि वेळ उणे होऊ शकत नाहीत, मग १०० च्या वर जाणार कसं! मामाला ही ओळ दाखवली, तो दोनदा वाचून म्हणाला, "म्हणजे मिनिटं वाढली तर?"

निळी_वही: एका मिनिटाला नफा १ ने वाढेल. पण ८० मिनिटांपर्यंतच, तिथे सगळे ४० टोमॅटोच होतात.

फिरस्ता: आणि थांब्यांचा क्रम?

कोपरेवाला: ते फिरणाऱ्या टॅब्लोचं एखादं उदाहरण टाका, मला बघायचंय.