टीमचा आकडा आणि आपला वाटा

> टीम १२ जणांची होती, रिझल्ट सगळ्यांचा मिळून आला. मग रेझ्युमेत माझ्या नावावर काय लिहू?

टीमचा आकडा लिहाच, पण त्याच ओळीत आपला तुकडा वेगळा काढा. मुलाखत घेताना नुसतं "१२ जणांची टीम, जावा, पोस्टग्रेस" दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, यातलं तुम्ही काय केलंत? त्यापेक्षा असं लिहा: "विमा दाव्यांची प्रणाली, १२ जणांची टीम, रात्रीचा बॅच जॉब माझ्यासह दोघांकडे. पोस्टग्रेसमधल्या संथ क्वेरींचे प्लॅन तपासून इंडेक्स घातले, नोंदी एकेक न घालता गठ्ठ्याने घातल्या. जॉब ४ तासांवरून ५० मिनिटांवर." इथे टूल कामाला चिकटून येतं, तळाशी वेगळी जंत्री लागत नाही. हेच "७९ टक्के सुधारणा" म्हणून लिहिलंत तर गणित बरोबर असूनही मी बिचकतो, कारण मूळ वेळ दिसत नाही. पाच मिनिटांचं एक मिनिट झालं तरी टक्केवारी अशीच भारी दिसते!

आणखी एक सांगतो: हे आकडे प्रोजेक्ट सोडण्याआधी टिपून ठेवा. शेड्युलरमध्ये प्रत्येक रनची सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, पण अ‍ॅक्सेस गेला की ती पुन्हा दिसत नाही. स्क्रीनशॉट मात्र घरी नेऊ नका. आधीची आणि नंतरची सरासरी वेळ लक्षात असली तरी पुरते, आणि गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटच्या नावाऐवजी "खासगी विमा कंपनी" चालतं.