मदत हवी आहे: सार्कोमिअर १.८ मायक्रोमीटरला आला की मधे नेमकं काय दिसतं?

नमस्कार मंडळी. मी निपाणीत पीयूसीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. खानापूरकडच्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नावर अडले आहे.

फळ्यावर बेडकाच्या स्नायूचं गणित मांडलं होतं. मायोसिनचा जाड तंतू १.६ मायक्रोमीटर, म्हणजे ए बँड तेवढाच, आणि तो बदलत नाही. झेड रेषेपासून निघणारा ॲक्टिनचा बारीक तंतू प्रत्येकी साधारण १.०. सार्कोमिअर २.४ असताना आय बँड ०.८ आणि एच झोन ०.४ येतो. २.० ला आय बँड ०.४ उरतो, एच झोन संपतो. इथवर सगळं छान जुळलं.

मग ती म्हणाली, "मॅडम, १.८ घेतलं तर एच झोन उणे ०.२ येतो की!"

माझ्या समजुतीप्रमाणे तिथे दोन्ही बाजूंचे बारीक तंतू मध्यरेषा ओलांडून एकमेकांवर चढतात, आणि ते ०.२ म्हणजे त्या दुहेरी थराची रुंदी. म्हणून मधे फिकट नव्हे, उलट गडद पट्टा दिसायला हवा. हे बरोबर आहे ना?

दुसरं म्हणजे, इथे ताकदही घटते. त्याला तंतूंची ही अडचणच कारणीभूत, की आखडलेल्या स्नायूपेशीत कॅल्शियमही कमी सुटतं? चेतासंधीवर ॲसिटिलकोलीन तर नेहमीसारखंच सुटतं ना?

बेळगाव-हुबळीकडे कुणी फिजिओलॉजी शिकवत असेल, किंवा कुणाकडे अशा आखडलेल्या स्नायूचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो असेल, तर कृपया टाका. सोमवारी तिला उत्तर द्यायचं आहे.