'तोशीस लागू देणार नाही' हे आईला साध्या मराठीत कसं सांगावं?

सुलभा_क
पुढच्या आठवड्यात आईची साठेखतावर सही आहे. ती 78 वर्षांची आहे आणि फ्लॅट विकणारी तीच आहे. मसुदा 26 पानांचा आहे. सहीआधी तिला वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरात एका पानाचा सारांश करते आहे. बाकी जमलं, एका वाक्यापाशी अडले:

"सदर मिळकतीबाबत कोणीही हक्क, हितसंबंध अगर हरकत उपस्थित केल्यास तिचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे असून त्याची कोणतीही तोशीस लिहून घेणार यांस लागू द्यावयाची नाही."

मी लिहिलं, "घेणाऱ्यांना त्रास होऊ देणार नाही." आई म्हणाली, "मी कशाला त्यांना त्रास देईन?" भाऊ म्हणतो की तोशीस हा शब्द तोष, संतोष यांच्यापैकी आहे, म्हणजे घेणाऱ्याचं समाधान करून द्यायचं. नेमका अर्थ काय, आणि एका वाक्यात तो कसा लिहावा?

भाषाव्रती
तोषाशी काही संबंध नाही. अरबी 'तश्वीश', म्हणजे काळजी, गोंधळ. तो फारसीतून आपल्याकडे आला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आपले दस्त अजून फारसीतच बोलतात. सारांशात 'उपद्रव' लिहा. शुद्ध आहे आणि सगळ्यांना कळतो.

वाटसरू
'उपद्रव' म्हटलं की उंदीर आठवतात. 'झळ' का नको? "घेणाऱ्याला झळ पोचू देणार नाही." आईंना लगेच कळेल.

जुनादस्त
सुलभाताई, आईंनी बरोबर बोट ठेवलं. तुमच्या वाक्यात त्रास देणारी आई झाली आहे. दस्तातली तोशीस तिसऱ्याच माणसाकडून येते आणि ती पैशाची असते. वर्तमानपत्रात 'ग्राहकांच्या खिशाला तोशीस' छापतात, तोच हा अर्थ. उपद्रव आणि झळ या दोन्ही शब्दांत पैसा दिसत नाही, म्हणून इथे दोन्ही अपुरे. शब्दाला शब्द शोधू नका, कोणी काय करायचं ते लिहा:

"उद्या कोणी या घरावर हक्क सांगितला, तर वकिलाचा, कोर्टाचा आणि नुकसानभरपाईचा खर्च मी करायचा. घेणाऱ्याने एक रुपयाही करायचा नाही."

त्याखाली अजून एक ओळ हवी. तुम्ही दिलेल्या वाक्यात रकमेची मर्यादा नाही आणि 'किती वर्षं' हेही नाही. दस्तात जे लिहिलेलं नाही तेही सारांशात आलं पाहिजे, कारण आईंना विचारायचं असेल तर तेच विचारता येईल. निदान एवढी मर्यादा मागता येते की ताब्याच्या तारखेपर्यंतच्या कारणातून निघालेली हरकतच आईंकडे. ताब्यानंतरचा देखभाल खर्च आणि मिळकतकर घेणाऱ्याचा, हे वेगळ्या वाक्यात लिहून घ्यावं.

ठाणेकर_रवी
आमच्या मामांच्या करारातही असंच कलम आहे. पण बिल्डर नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही, हे आईंना आधी सांगा. रेराचं कलम 13.

जुनादस्त
रवी, ते कलम बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यासाठी आहे. इथे आई विकणाऱ्या आहेत आणि घर जुनं आहे.

सुलभाताई, तोशीस किती लागू शकते हे घराच्या इतिहासावर ठरतं. घर आईंच्या नावावर कसं आलं?

सुलभा_क
वडिलांच्या नावावर होतं. ते 2019 मध्ये गेले. मृत्युपत्र नाही. नामनिर्देशन आईचं होतं, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं. आम्ही तीन भावंडं: भाऊ, मी आणि धाकटी बहीण. ती कॅनडात असते. मसुद्यात आईबद्दल "एकमेव व निर्वेध मालक" असं लिहिलं आहे.

नितळ
मग काळजीच नाही. नॉमिनी म्हणजे मालक. सोसायटीने नाव लावलं की विषय संपला. सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं आहे की नॉमिनीच्या नावावर सोसायटीने शेअर करून द्यायलाच हवेत.

जुनादस्त
नितळ, 2016 च्या त्या निकालाचा पहिला भाग तुम्ही बरोबर सांगितलात. सोसायटीने नॉमिनीला सभासद करून घ्यायचं, हे खरं. पण त्याच निकालात वारसांचा हक्क शाबूत ठेवला आहे. सभासद होणं आणि मालक होणं या दोन गोष्टी आहेत.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी आणि तीन मुलं यांचा सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्सा. आज आई चार आण्यांच्या मालक आहेत आणि सही सोळा आण्यांवर करत आहेत. 'एकमेव मालक' हे विधान आणि ते तोशिशीचं कलम एकत्र वाचा. उद्या तिघांपैकी कोणीही, किंवा त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांनी हिस्सा मागितला, तर ती हरकत आईंनी स्वखर्चाने निवारायची. घेणाऱ्याची बँक कर्ज देताना वारसांची कागदपत्रं बहुतेक वेळा मागतेच. पण तिथे गाडं अडतं तोवर साठेखत नोंदलेलं असतं, विसार घेतलेला असतो आणि मुदत चालू झालेली असते.

सुलभा_क
आम्हा तिघांनाही हिस्सा नको आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं लिहिलेलंही आहे.

जुनादस्त
व्हॉट्सअ‍ॅपने हिस्सा सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आईंच्या लाभात, आणि साठेखताच्या आधी. बहिणीला येता येत नसेल तर तिने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ही तारीख लोक चुकवतात. तुम्हा तिघांना 'मान्यता देणार' म्हणून साठेखतातच घेण्याचाही मार्ग आहे. पण मग विक्रीची सगळी रक्कम आईंनाच मिळणार हे दस्तात स्वच्छ यायला हवं, आणि बहीण परदेशी रहिवासी असल्याने तिच्या वाट्याच्या करकपातीचा प्रश्न उभा राहू शकतो. मी हक्कसोडपत्र आधी करेन.

भाषाव्रती
चर्चा कायद्याकडे गेली. माझा मुद्दा एवढाच की 'तोशीस'ऐवजी आईला कळणारा शब्द दस्तातच असता, तर सारांश लागलाच नसता.

वाटसरू
असहमत. तुम्हाला जो शब्द फारसी म्हणून खुपतो, तो माझ्या आजीच्या बोलण्यात होता. "लेकाला कसली तोशीस लागू दिली नाही" हे मराठीच आहे. आईंना शब्द कळला नाही असंही नाही. वाक्यात कर्ता कोण, ते कळलं नाही. "करून द्यावयाचे असून" यात करणारा सापडतो का बघा.

जुनादस्त
वाटसरूंशी सहमत. अजून एक सुचवतो. सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढे दस्ताचं पान आणि कलम लिहा. ऐन वेळी मसुदा बदलतो, आणि मग सारांश जुन्या मसुद्याचा राहतो. सहीच्या दिवशी अंतिम प्रतीशी एकेक ओळ ताडून बघा. आणि पैशाचं कलम इथे टाका.

सुलभा_क
किंमत 62 लाख. "पैकी रक्कम रुपये 12,00,000 लिहून देणार यांस चेकने मिळून भरून पावली, त्याबाबत त्यांची काहीएक तक्रार नाही." बाकी 50 लाख घेणाऱ्याच्या गृहकर्जातून, 60 दिवसांत. विसाराचे 2 लाख खात्यात आले आहेत. 10 लाखांचा चेक सहीच्या वेळी देणार आहेत. 'भरून पावले' वाचून आई म्हणाली, हे तर आपण कंटाळल्यावर म्हणतो.

जुनादस्त
बोलण्यातलं 'भरून पावले' आणि दस्तातलं एकच आहे: पुरेपूर मिळालं, आता काही नको. म्हणून तर ते धोक्याचं आहे. सही होते त्या क्षणी 10 लाख मिळालेले नाहीत, फक्त कागद हातात आला आहे. सारांशात लिहा: "2 लाख मिळाले. 10 लाखांचा चेक अजून वटायचा आहे." आणि दस्तात "चेक वटण्याच्या अधीन राहून" घालून घ्या. त्याहून बरं म्हणजे सहीआधी रक्कम आरटीजीएसने खात्यात आणवा आणि व्यवहार क्रमांक दस्तात लिहा.

खरेदीखताच्या वेळी तर याला फार जपा. पैसे मिळाले नाहीत तर खरेदीखत आपोआप रद्द होतं, असा समज आहे. तसं होत नाही. गुजरातेतल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं की रक्कम बाकी राहिली एवढ्यावरून नोंदलेली विक्री रद्द होत नाही, विकणाऱ्याने बाकी रक्कम वसूल करायची. तिथेही दस्तात पैसे पोचल्याची कबुली होती.

अजून एक. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का कर कापून सरकारात भरतो. इथे 62,000. सगळा कर शेवटच्या रकमेतून कापला, तर आईंच्या खात्यात बँकेकडून 50 लाखांऐवजी 49,38,000 येतील. आधी सांगितलं नाही तर त्यांना वाटेल पैसे कमी दिले. कापलेली रक्कम आईंच्या पॅनवर दिसते का, ते नंतर बघा.

नितळ
मुळात हे साठेखत आहे ना? साठा, म्हणजे पैसे साठत जातात आणि पूर्ण झाले की खरेदीखत. आईला असं सांगितलं तर छान कळेल.

भाषाव्रती
साठा नाही, साटं. साटेलोट्यातलं. देण्याघेण्याचा ठराव. मूळ शब्द 'साटेखत'. ठ मागाहून शिरला.

नितळ
सरकारी कागदांवर ठ च आहे. सगळे चूक?

वाटसरू
चूक नाही, रूढ झालं. पण 'पैसे साठतात' असं आईंना सांगू नका. हप्ते संपले की घर आपोआप घेणाऱ्याचं झालं, असं वाटेल. साठेखताने मालकी जात नाही, ती खरेदीखताने जाते.

जुनादस्त
बरोबर, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54. मात्र साठेखतातच ताबा देऊ नका. शेवटची रक्कम खात्यात दिसल्यावरच किल्ली, हेही सारांशात हवं.

सुलभा_क
वकिलांशी बोलले. सही पुढे ढकलली. बहिणीने वकिलातीची वेळ घेतली आहे, भाऊ आणि मी हक्कसोडपत्र याच आठवड्यात नोंदवतो. 'एकमेव मालक' त्यानंतरच राहील. तोशिशीच्या कलमात "ताब्याच्या तारखेपर्यंतच्या" हे शब्द घालायला घेणारे तयार आहेत, रकमेच्या मर्यादेला नाहीत. आईसाठी जुनादस्तांचं वाक्य घेतलं, पण तिने स्वतःच्या हाताने 'खर्च'च्या पुढे कंसात 'तोशीस' लिहिलं. दस्तात तो शब्द दिसला की ओळखता यावा म्हणून.

आता शेवटच्या पानावर अडले आहे. "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता" यातलं नशापाणी वाचून ती दुखावली आहे. ते काढता येतं का?

भाषाव्रती
काढाच. 'स्वेच्छेने व शुद्धीवर' पुरे.

जुनादस्त
'शुद्धीवर' नको. 78 व्या वर्षी तो शब्द जास्त टोचेल. 'वाचून, समजून, कोणाच्या दडपणाशिवाय' असं लिहा.

नितळ
पण ठराविक शब्द काढले तर नोंदणीला अडचण येणार नाही का?