मदत हवी आहे: बॅलन्सिंग झिरो तरी ८०-९० ला गाडी थरथरते

मंडळी, हॅचबॅकला पुढे नवीन टायर टाकलेत, मशीनवर दोन्ही चाकं झिरो दाखवतात तरी ८० च्या पुढे स्टिअरिंग आणि सीट दोन्ही थरथरतात. दुकानदार म्हणतो अजून वजन लावू, पण मला ते पटत नाही, कारण मशीनवर चाक हवेत फिरतं, तिथे फक्त वजन कुठे जास्त ते कळतं, रस्त्यावर मात्र टायरचा उंच भाग खाली आला की प्रत्येक फेरीत अ‍ॅक्सल वर उचलला जातो, मग रिमला कितीही शिसं लावा चाक गोल कसं होणार?

म्हणून मित्राचं डायल गेज आणून जॅकवर चाक हळू फिरवून मोजलं. डाव्या चाकाला ट्रेडवर वर-खाली १.८ मिमी आलं, साइडवॉलला आत-बाहेर ०.६. त्याच रिमला बीडच्या जागेजवळ वर-खाली फक्त ०.४, म्हणजे दोष टायरचाच वाटतोय, नाहीतर टायर रिमवर नीट बसला नसेल.

आता हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत मोजू का? उंच भाग टायरबरोबर सरकला तर टायर बदलूनच मागायचा ना? रिम एवढी कमी आऊट असताना फिरवून कितपत फरक पडेल? कोणी केलंय का, प्लीज सांगा.