मास्क लावला असता तर वाचले असते?

राहुल: दरवर्षी तेच रडगाणं. कीटकनाशक फवारताना मास्क देऊनही मजूर लावत नाहीत आणि विषबाधा झाली की दोष कंपनीला, सरकारला. 2017 ला यवतमाळात हेच झालं. थोडी काळजी घेतली असती तर एवढी माणसं गेली नसती.

सुनंदा: मास्कने फार तर नाक-तोंड झाकलं जातं. फवारणीत विष जास्त करून कातडीतून जातं. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे पंपाची नळी, लान्स, वर धरून फवारायचं. मग द्रावण मनगटावरून कोपराकडे ओघळतं आणि वरून तोंडावर, मानेवर पडतं. शिवाय फवारलेल्या ओळीतूनच पुढे चालत गेलं की ओली पानं मांड्यांना घासतात. पंपाच्या झाकणाचं वायसर गेलं असेल तर 15 लिटरची टाकी पाठीवर गळत राहते. शर्ट भिजला की तो दिवसभर अंगाला चिकटलेला, वर ऊन आणि घाम. सगळ्यात घातक म्हणजे मिसळताना. तिथं फवारणीचं औषध पाणी न घातलेलं असतं आणि हात उघडा असतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा एकदा भिजला की तोच विष धरून ठेवतो.

गजानन: बरोबर, पण खरा गुन्हेगार तो चायना पंप. बारीक तुषार मारतो, सगळं अंगावर येतं. साधा हातपंप वापरा, काही होत नाही. आणि मळमळलं तर दूध पाजा, विष उतरतं.

सुनंदा: तुषाराचं मान्य. पण गळका हातपंपही तेवढंच भिजवतो. आणि दुधाचं कृपा करून कुणाला सांगू नका. विष कातडीतून गेलंय, पोटात दूध घालून काय उतरणार? गुंगीत असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात मात्र ते दूध जातं. आधी कपडे उतरवा, साबणाने केसांसकट धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. आणि फवारलेल्या औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालतं, डायफेन्थ्युरॉनवर त्याचा उपयोग नाही. डॉक्टरांना नावच कळलं नाही तर ते अंदाजानं उपचार करणार.

राहुल: पण मजूर हातमोजे घालतच नाहीत, हे तर खरं ना?

सुनंदा: घालत नाहीत, कारण मिळतात ते कापडी, नाहीतर पातळ. नायट्राइलचे द्या. लान्स वर धरायचा असेल तर हातमोजा बाहीच्या वरून घाला आणि त्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ तिथंच अडेल. पाठीवर प्लास्टिकची खोळ बांधा. वारा आडवा घ्या, फवारलेल्या भागात परत शिरू नका. हे मालकानं बघायचं, रोजावर आलेल्या माणसानं नव्हे.

प्रशांत: हातमोज्यांचं सोडा. आमच्या गावात फवारताना एक जण गेला. विम्याचे पैसे मिळाले नाहीत. का ते सांगा.

गजानन: सातबारा कुणाच्या नावावर होता?

प्रशांत: भूमिहीन होता. दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचा.

सुनंदा: मग तिथंच अडलं. गोपीनाथ मुंडेसाहेबांच्या नावाची शेतकरी अपघात योजना खातेदार आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला 2 लाख देते, मजुराला नाही. आणि खातेदार असता तरी कागदावर 'विष प्राशन' लिहिलं गेलं की आत्महत्या समजून दावा फेटाळतात. दवाखान्यात भरती करतानाच सांगा: 'फवारताना विष लागलं, इतके वाजता, हे औषध.' पोलिसांच्या नोंदीतही तेच येऊ द्या.

राहुल: म्हणजे आता डॉक्टरही खोटं लिहितात?

प्रशांत: भाऊ, कुणी खोटं लिहितं असं कोण म्हणालं? घाईत लिहितात. तुम्ही एकदा त्या वॉर्डात बसून बघा!

सुनंदा: भांडण नको. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात कलम 26 आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं सरकार अधिसूचना काढून बंधनकारक करू शकतं. पण उन्हाची लाग म्हणून घरी पाठवलेला माणूस कुठल्याच मोजणीत येत नाही. घाम तर दोन्हींत येतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ गळतेय, स्नायू फडफडताहेत, असं दिसलं की ऊन म्हणून सोडून द्यायचं नाही. विषबाधा ओळखायच्या कोलिनेस्टरेज तपासणीसाठी रक्त लगेच घ्या. आणि बरं वाटलं तरी दोन-चार दिवस घरी सोडू नका. या काळात मान उचलता येईनाशी झाली तर श्वास बंद पडायची वेळ जवळ आलेली असते.

राहुल: ठीक आहे, मास्कचं माझं म्हणणं अपुरं होतं. पण मजुराची जबाबदारी शून्य, हे पटत नाही.

गजानन: पंपाचं मात्र मी सोडणार नाही.

प्रशांत: आणि भूमिहीनाच्या 2 लाखांचं कोण बोलणार, ते सांगा.